सव्वातीन महिन्यांचे चार आठवडे

एम.एस्सी. नर्सिंगच्या सिनॉप्सिसमध्ये शेवटच्या दोन पानांवर दोन तक्ते असतात. एकात वेळ, दुसऱ्यात पैसा. वेळेच्या तक्त्याला गँट चार्ट म्हणतात आणि त्यातल्या रंगीत पट्ट्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या शिस्तीत खाली उतरतात : साहित्याचा आढावा संपला की टूल, टूल संपले की पायलट, पायलट संपला की डेटा. एकही पायरी दुसरीवर चढत नाही, एकही मोडत नाही. पैशांच्या तक्त्यात छपाई, टायपिंग, प्रवास, बाइंडिंग आणि ‘इतर’ अशा पाच ओळी असतात आणि त्यांची बेरीज दैवी योगायोगाने बरोबर दहा हजार येते. दोन्ही तक्ते विद्यार्थिनी एकाच रात्री करते, गाइड एकाच मिनिटात पाहतात आणि त्यानंतर ते कोणीही उघडत नाही. माझे म्हणणे असे की हे मुळात दोन तक्ते नाहीतच. तो एकच हिशेब आहे, आणि तो विद्यार्थिनीच्या कष्टांचा नसून इतरांच्या सवडीचा आहे.

कष्टांचा अंदाजही माणसाला जमत नाही, हे आधीच सिद्ध झालेले आहे. 1994 साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना विचारले, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आले सुमारे 34 दिवस. मग विचारले, सगळे वाईटात वाईट घडले तर? तेव्हा उत्तर आले सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे सगळी संकटे कल्पून झाल्यावरही वास्तव आठवडाभर पुढेच उभे होते. आणि या विद्यार्थ्यांचे सिझर झालेल्या बाईशी काही काम नव्हते.

नर्सिंगच्या प्रबंधात असते. नेहमीचा विषय घेऊ : पहिलटकरणींना सिझरनंतर स्तनपानाविषयी नियोजित शिक्षण द्यायचे, त्याआधी प्री-टेस्ट, सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट, नमुना 60 मातांचा. तक्त्यात लिहिलेले असते, ‘डेटा संकलन : 4 आठवडे’. आता वॉर्डात जाऊन मोजू. रोज चार सिझर होतात असे धरा. त्यातल्या निम्म्या दुसऱ्या खेपेच्या, त्या बाद. उरलेल्यांत एखादीचे बाळ काचेच्या पेटीत, एखादीला ताप, एखादी स्वतः तयार पण सासूबाईंना ‘सही’ हा शब्दच पसंत नाही. विद्यार्थिनीला क्लिनिकल पोस्टिंग आणि सेमिनार सांभाळून आठवड्यातून तीनच दिवस वॉर्डात जाता येते. मधल्या दिवशी सुटलेल्या काहीजणी पुढच्या फेरीत सापडतात हे धरूनही एका फेरीत दोघी मिळाल्या तर पुष्कळ. आठवड्याला सहा. शिवाय सातव्या दिवसापर्यंत पाचातली एक हाती लागत नाही असे गृहीत धरले, तर 60 पुऱ्या राहण्यासाठी 75 जणी घ्याव्या लागतात. (इथे बहुतेकजणी 60 मध्ये वीस टक्के मिळवून 72 लिहितात. पण 72 मधून वीस टक्के गळाले की 58 सुद्धा उरत नाहीत. भागाकार करायचा असतो, बेरीज नव्हे.) पंचाहत्तर भागिले सहा म्हणजे साडेबारा आठवडे, वर शेवटच्या मातेच्या सातव्या दिवसासाठी आणखी एक. चार आठवड्यांची ती पट्टी सव्वातीन महिन्यांची झाली, आणि यात कोणी आळस केलेला नाही.

पैशाचा तक्ता इथेच आत शिरतो. बाई चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जाते आणि पोस्ट-टेस्ट सातव्या दिवशी आहे. घरी म्हणजे कुठे? केसपेपरवरचा पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, आणि बाई बाळंतपणाला माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. घरी जाऊन चाचणी घ्यायची तर एका फेरीला एसटी-रिक्षाचे दोनशे रुपये धरा; साठ घरांचे बारा हजार झाले. ज्या अंदाजपत्रकाची एकूण बेरीज दहा हजार आहे, त्यात प्रवासासाठी हजार रुपये लिहिलेले असतात. फोनवर चाचणी घेतली तर पैसे वाचतात, पण शेजारी बसलेली आत्या उत्तरे सुचवते आणि ज्ञानाचे गुण आत्याचे मोजले जातात. डिस्चार्जच्या सकाळीच चाचणी उरकली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात, पण मग शीर्षकातला ‘सातवा दिवस’ खोडावा लागतो. असा प्रत्येक पर्याय वेळ, पैसा आणि प्रश्न या तिघांना एकदमच हलवतो. म्हणून तक्ते वेगवेगळ्या पानांवर करणे ही मूळ चूक.

यावर ठरलेला आक्षेप असा की खरे आकडे लिहिले तर प्रबंध वर्षात बसणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या अभ्यासक्रमात प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि पूर्ण प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा, म्हणजे हातात मोजून बारा महिने. त्यातून एथिक्स कमिटीची बैठक आणि तिच्या शंका वजा करा. तज्ज्ञांकडे तपासायला दिलेले टूल परत येण्याचा काळ वजा करा. ते तज्ज्ञ ही तपासणी फुकट करतात आणि फुकटच्या कामाला शोभेल अशा वेगाने करतात. शिवाय हा हस्तक्षेपाचा अभ्यास असल्याने सीटीआरआयवर नोंदणी हवी. एप्रिल 2018 पासून ही नोंदणी पहिली माता सामील होण्याआधीच करावी लागते. तिला पैसा लागत नाही. लागतात फक्त आठवडे, म्हणून ती दहापैकी नऊ तक्त्यांत सापडत नाही. एवढे वजा करून विश्लेषण आणि लेखनाला तीन महिने ठेवले, तर संकलनाला जेमतेम तीन-साडेतीन महिने उरतात. म्हणजे आक्षेप खराच आहे : आपली 60 मातांची योजना कशीबशी बसते, आणि वॉर्डात एक साथ आली की बसत नाही. पण प्रबंध बसत नाही हे प्रस्तावातच कळणे, हाच तर प्रस्तावाचा उपयोग. पोस्ट-टेस्ट अलीकडे घ्या, दुसरा वॉर्ड जोडा किंवा प्रश्न लहान करा. फेब्रुवारीत हे कळले तर दुरुस्ती असते, नोव्हेंबरात कळले तर रडारड.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे : पैसे माझेच जाणार, मग अंदाजपत्रक दाखवायचे कोणाला? उत्तर सोपे आहे, एथिक्स कमिटीला. अभ्यासासाठी होणारा खर्च रुग्णाच्या खिशातून जात नाही ना, हे तिला पाहायचे असते. पोस्ट-टेस्टसाठी बाईला परत बोलावले तर तिचे भाडे द्यायला हरकत नाही, मात्र ती पैशासाठीच हो म्हणेल इतके देता येत नाही. ही ओळ ‘इतर’मध्ये लपवली की कमिटी ती शोधते, आणि शोधायला पुढच्या बैठकीपर्यंतचा वेळ घेते.

तेव्हा सिनॉप्सिस करायला बसण्याआधी वॉर्डाचे गेल्या तीन महिन्यांचे प्रसूती रजिस्टर पाहा. त्यात पहिलटकरणी किती, सिझर किती, कितव्या दिवशी घरी गेल्या, हे सगळे आधीच लिहिलेले असते. पाहायला पैसे लागत नाहीत, सिस्टर इन्चार्जची परवानगी लागते. तिच्यासाठीही तक्त्यात दोन दिवस धरा.