कुठून मोजायचं, काका?

आमच्या आईची बादली तेरा इंच उंच आहे. ती जमिनीवर ठेवत नाहीत. आठ इंचांच्या स्टुलावर ठेवतात, कारण आईला आता खाली वाकवत नाही. बादली मोजायला मी पट्टी घेऊन न्हाणीघरात शिरलो तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण मोजणं भागच होतं. गुलमंडीच्या गल्लीतल्या आमच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर न्हाणीघराच्या भिंती उकरून झाल्या होत्या, टाइलचे खोके हातगाडीवरून येऊन जिन्याखाली रचले होते, आणि प्लंबरभाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “काका, पॉइंट लिहून टाका. उंची, पाइप, सगळं. टाइल लागली की मग भिंतीत हात घालता येत नाही.”

म्हणून मेसेज लिहायला बसलो. अशा मेसेजात घरातल्या माणसांची खरी ओळख होते. मुलगा सहा फुटांचा. त्याला शॉवर सात फुटांवर हवा. आई शॉवरखाली उभी राहणारच नाही. तिला बादली, तांब्या आणि बसायला पाट. बायकोची एकच अट: वॉशिंग मशीनचा नळ मशीनच्या मागे लपता कामा नये. माझं मत कुणी विचारलं नाही. मी लिहून घेणारा.

लिहिलं: बादलीचा नळ २६ इंच, शॉवर पावणेसात फूट (मुलाशी तडजोड), गिझरचे पॉइंट साडेपाच फूट, मशीनचा नळ साडेतीन फूट. पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पाठोपाठ प्रश्न आला: “कुठून मोजायचं, काका?”

मला वाटलं, गंमत करताहेत. उंची जमिनीपासूनच मोजतात, आणखी कुठून? पण प्रश्न खरा होता. आमच्या न्हाणीघरात त्या दिवशी जी जमीन होती ती नुसता कोबा होता. त्यावर दोन इंचांचा माल पडणार, मालावर अर्ध्या इंचाला थोडी कमी अशी फरशी बसणार. म्हणजे महिन्याभरानं आम्ही ज्या जमिनीवर पाय ठेवणार ती आजच्यापेक्षा जवळपास अडीच इंच वर. शिवाय ती सपाटही नसणार. नहाणी ट्रॅपकडे उतार देणार, म्हणजे दाराशी एक उंची आणि ट्रॅपशी दुसरी. भिंत उकरणारा माणूस आजच्या कोब्यावर पट्टी टेकवून २६ इंच मोजेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

अडीच इंचांनी काय बिघडतं? आईच्या बादलीचं गणित घ्या. आठ इंचांचं स्टूल, तेरा इंचांची बादली, झाले एकवीस. नळाचं तोंड पॉइंटच्या दोनेक इंच खाली येतं. तयार फरशीपासून २६ वर पॉइंट धरला तर तोंड चोवीसवर, म्हणजे बादली आणि नळ यांच्यात तीन इंच. भरलेली बादली कडीला धरून बाहेर ओढता येते. तोच पॉइंट कोब्यापासून मोजला तर फरशी झाल्यावर उरतो साडेतेवीसवर, तोंड साडेएकवीसवर आणि मोकळी जागा अर्धा इंच. बादली आत सरकेल, भरेल, आणि कडी उभी करायला गेलं की नळात अडकेल. मग स्टूल बदला, बादली बदला, नाहीतर आईची सवय बदला. यांतलं तिसरं आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही.

यावर उपाय मिस्त्रींकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघं जण न्हाणीघराच्या चारही भिंतींवर एक समतल रेघ मारतात. दाराबाहेरच्या खोलीची फरशी आधीच ठरलेली असते; तिच्यावरून न्हाणीघराची तयार फरशी किती खाली यायची हे ठरवायचं, आणि तिथून बरोबर तीन फूट वर रेघ. एकदा ती रेघ आली की जमिनीला विसरायचं. जे काही मोजायचं ते रेघेच्या वर किंवा रेघेच्या खाली. कोबा फुटो, माल चढो, रेघ जागची हलत नाही.

मेसेज नव्यानं लिहिला. “सगळी मापं रेघेपासून. बादलीचा नळ रेघेखाली १० इंच. शॉवरचा डायव्हर्टर रेघेवर ४. मशीनचा नळ रेघेवर ६. गिझर, गरम आणि थंड, रेघेवर ३०. शॉवर रेघेवर ४५. समोर उभं राहिल्यावर गरम डाव्या हाताला.” उत्तरादाखल फक्त अंगठा आला. प्लंबरांचा अंगठा सहसा मिळत नाही.

पाइपचा प्रश्न मात्र शहराच्या स्वभावाशी जोडलेला निघाला. आमच्याकडे पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेलं पाणी येतं, तेही रोज नाही. आलं की टाकी भरून घ्यायची आणि पुढचे दिवस टाकीवर काढायचे. म्हणजे न्हाणीघरातल्या पाण्याला जो काही जोर असतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. मुलानं ताटाएवढा पावसाळी शॉवर पसंत केला होता. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, किमान अर्धा बार दाब. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे ढोबळमानानं एक बार, तेव्हा अर्ध्या बारला पाच मीटर हवेत. आता आमची खोली दहा फूट, वर अर्ध्या फुटाचा स्लॅब, त्यावर टाकीचा तीन फुटी ओटा. टाकीचा तळ आला साडेतेरा फुटांवर. त्यातून शॉवरचे पावणेसात वजा करा, उरले पावणेसात फूट, म्हणजे दोन मीटर. टाकी काठोकाठ भरली तरी तीन. पावसाळी शॉवरमधून पाऊस पडायचा नाही, मराठवाड्यातल्या एखाद्या वर्षासारखं नुसतं आभाळ भरून यायचं.

“मग पाइप जाड टाकू या,” मुलगा म्हणाला. इथे भाईंनी त्याला छान समजावलं. पाइप जाड केला म्हणून पाण्याचा जोर वाढत नाही. जोर उंचीनं मिळतो. जाड पाइपमुळे वाटेत वाया जाणारा जोर वाचतो, एवढंच. पण जिथे मुळातच दोन मीटरची पुंजी आहे तिथे ती वाचवणं फार मोलाचं. अर्धा इंची सीपीव्हीसी नावाला अर्धा इंच. तिच्या आतली पोकळी पाऊण इंचीच्या निम्म्याहून कमी असते. म्हणून ठरलं ते असं: टाकीतून उतरणारा पाइप एक इंची, न्हाणीघरात फिरणारा सगळा पाऊण, आणि फक्त नळाच्या तोंडाशी शेवटचा तुकडा अर्धा. वळणं कमीत कमी. आणि ताट परत करून वाटीएवढा शॉवर. ताटच हवं असेल तर गच्चीवर प्रेशर पंप लावा, दुसरा मार्ग नाही.

हे शहर खरं तर पाण्याच्या या हिशेबासाठीच नावाजलेलं. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी जमिनीखालून नहरीनं शहरात आणलं, कुठे उपसा नाही, नुसता उतार. पाणचक्कीचं पाणीही असंच दुरून मातीच्या नळांतून येतं, भिंतीवर चढतं आणि मग खाली पडतं. जिथून निघालं त्या उंचीच्या जोरावर. आमच्या पावसाळी शॉवरला त्या कारागिरांनी एका नजरेत नापास केलं असतं.

उंची आणि पाइप जमले तरी एक गोष्ट मेसेजात लिहायची राहतेच, ती म्हणजे खोली. भिंतीतला पितळी एल्बो किती आत बसवायचा? त्याचं तोंड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी यायला हवं. आज भिंत उघडी आहे. प्लास्टर, चिकटवायचा माल आणि टाइल मिळून इंचभर जाडी चढणार. एल्बो फार आत राहिला तर पुढे एक्स्टेंशन निपल जोडावं लागतं, आणि प्रत्येक निपल म्हणजे गळायची आणखी एक जागा. बाहेर आला तर नळाची चकती टाइलला टेकत नाही, फटीतून पाणी मागे जातं. डायव्हर्टरवर तर कंपनीनं कमाल आणि किमान अशा दोन खुणा कोरलेल्या असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्येच यावा लागतो. आमच्या भिंती जुन्या, ओळंब्यात नाहीत. म्हणून मिस्त्रींनी आधी भिंतीवर चार ठिकाणी टाइलचे तुकडे चिकटवले, त्यांवर सरळ पट्टी धरली आणि भाईंनी पट्टीला टेकतील असे एल्बो बसवले. प्लंबर आणि टाइलवाले मिस्त्री एका दिवशी एका न्हाणीघरात आणणं हे काम मी केलं. माझं योगदान तेवढंच.

वॉशिंग मशीनसाठी सांडपाण्याचा पाइपही जमिनीलगत ठेवायचा नाही. नळी फार खाली सोडली तर मशीन भरता भरता पाणी आपोआप वाहून जातं, आणि मशीन भरतच राहते. आम्ही तोंड रेघेखाली सहा इंचांवर, म्हणजे अडीच फुटांवर घेतलं. गिझरच्या थंड बाजूच्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, त्याचीही नळी काढून ठेवली. तो थेंब गळती नव्हे; तापलेलं पाणी फुगतं त्याची ती वाट आहे. बूच मारून ती बंद करणारे लोक आहेत, त्यांनी तसं करू नये.

सगळे पॉइंट बंद करून, सांधे एक दिवस वाळू देऊन, भाईंनी हातपंपानं पाइपात दाब भरला. काटा तासभर हलला नाही, तेव्हाच मिस्त्रींना माल कालवायला सांगितलं. त्याआधी मी चारही भिंतींचे फोटो काढले, प्रत्येकात मोजपट्टी आडवी आणि उभी धरून, रेघ दिसेल असे.

तुमच्याकडे काम सुरू असेल तर एवढे फोटो काढून ठेवाच, आणि घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. टाइल लागल्यावर टॉवेलचा रॉड बसवायला कुणीतरी ड्रिल घेऊन येतंच, आणि ते नेमकं गरम पाण्याच्या पाइपवरच धरतं.