कागद रद्द, सही शाबूत

सरकारी माणसाविरुद्ध तक्रार करायची म्हटली की आपल्याकडे दोन सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो, "कोर्टात खेचा." दुसरा म्हणतो, "लोकायुक्तांकडे अर्ज टाका." जणू एकाच दुकानाच्या दोन शाखा! दोन्हीकडे मुरलेले न्यायमूर्तीच बसतात, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. तो घालवायला गोव्याच्या 88 खाणपट्ट्यांइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण हे प्रकरण दोन्ही दारांतून जाऊन आलं.

12 जानेवारी 2015 ला केंद्राने वटहुकूम काढला: यापुढे खाणपट्टे लिलावानेच द्यायचे. गोवा सरकारने त्याआधीच्या दोनेक महिन्यांत आणि ऐन शेवटच्या आठवड्यात तर विशेष उत्साहाने 88 पट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण उरकलं. इतर वेळी साध्या दाखल्याला महिना लावणाऱ्या कचेरीला अशी गती येते तेव्हा खरं तर सत्कारच करायला हवा. सरकारचं म्हणणं असं की, उच्च न्यायालयाच्या 2014 च्या आदेशानुसारच आम्ही चाललो.

गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 फेब्रुवारी 2018 ला निकाल आला: नूतनीकरणं रद्द, 16 मार्चपासून खाणी बंद. आणि त्या खरंच बंद झाल्या. शिफारस नाही, विनंती नाही, हुकूम. मोडला तर अवमानाची नोटीस. कोर्टाचा जोर हा असा. पण कोर्टापुढचा प्रश्नही तेवढाच होता, हा निर्णय कायद्यात बसतो का? नाही बसत, तर रद्द. ज्यांनी सह्या केल्या त्यांचं पुढे काय, हे त्या याचिकेत ठरायचं नव्हतं.

तो प्रश्न लोकायुक्तांचा. फाउंडेशन त्या दारातही गेलं. तिथे बसले होते न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा, पाटणा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. लोकायुक्त फाइल मागवतो आणि शेरे वाचतो: कोणी काय लिहिलं, कोणी कशावर सही केली, एवढी घाई कोणाला होती. निर्णयामागचा माणूस शोधणं हेच त्याचं काम. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी अहवाल दिला: तत्कालीन मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर, खाण सचिव आणि खाण संचालक यांच्यावर गुन्हा नोंदवून चौकशी करावी.

"करावी" हाच शब्द कळीचा. लोकायुक्त गुन्हा नोंदवत नाही, तो सरकारला सुचवतो. म्हणजे ज्या घरातली चोरी शोधायची त्याच घराच्या कर्त्याला अहवाल द्यायचा आणि पावती घेऊन बाहेर थांबायचं. सरकारने मानलं नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल पाठवता येतो. तो विधानसभेच्या पटलावर ठेवला जातो, आणि पटलावर तो निवांत पडूनही राहतो.

सप्टेंबर 2020 मध्ये निवृत्त होताना मिश्रा यांनी हिशेब मांडला: सरकारकडे पाठवलेले अहवाल 21, कार्यवाही एकावरही नाही. ही संस्था बंदच करून टाकावी, असं ते उघड म्हणाले. सरकारने संस्था बंद केली नाही, कायदा बदलला: 2021 च्या दुरुस्तीनंतर लोकायुक्त व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्तीच असायची गरज उरली नाही, उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीशही चालू लागला. रुग्ण तापाने फणफणलाय आणि घरचे डॉक्टरची पात्रता बदलताहेत.

तरीही लोकायुक्ताला मोडीत काढायची घाई नको. मंत्र्याविरुद्ध तो हात टेकतो, पण बाबूविरुद्ध त्याचा उपयोग होतो. शेजारच्या महाराष्ट्राचंच बघा: तिथला 1971 चा लोकायुक्त कायदा भ्रष्टाचाराचा आरोप आणि साधं गाऱ्हाणं यांत फरक करतो, आणि गाऱ्हाण्याची बाजू कमी लोकांना माहीत असते. समजा, निवृत्त शिक्षिकेचं पेन्शन सेवापुस्तकातल्या एका नोंदीवाचून अडलंय. कोणी लाच मागितलेली नाही, कोणी नाही म्हटलेलं नाही, नुसतं "टेबलावर आहे" चालू आहे. एवढ्यासाठी हायकोर्टात रिट म्हणजे वकिलाची फी आणि तारखांचा वनवास. लोकायुक्ताकडे मात्र वकील लागत नाही, आणि त्यांच्या कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं की वर्षभर न सापडलेली फाइल अनेकदा सापडते. आपल्या फाइलीबद्दल वरच्या कोणीतरी विचारलंय, ही भीती कारकुनाला पुरते. मंत्र्याला ती पुरत नाही.

तेव्हा दार ठोठावण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवा. हुकूम रद्द करून हवा असेल तर कोर्टात जा. तिथे दाद मागायची सोय असेल तर लोकायुक्त सहसा प्रकरण हातात घेतच नाही. फाइल हलवायची असेल तर लोकायुक्ताकडे जा, पण वेळेत: महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात गाऱ्हाण्याला मुदत 12 महिन्यांची आहे, आरोपाला 3 वर्षांची.