बटाट्यावरचे पूर्वसंस्कार

कच्च्या बटाट्याची दीड इंची फोड थेट तापलेल्या तेलात सोडली, तर ती बाहेरून काळी होते आणि आतून कच्ची राहते. आच कमी केली तर आतून शिजते, पण तोवर बाहेरून तेल पिऊन मऊ पडते. तळणाऱ्याची या दोन टोकांत जी ओढाताण होते, ती टाळण्याचा मार्ग म्हणजे फोड आधी पाण्यात अर्धवट उकडून घेणे. आत शिजवण्याचे काम पाणी करते आणि तेलाकडे फक्त कडा खरपूस करण्याचे काम उरते.

प्रत्येक तळणीला हे लागते असे नाही. रावेर तालुक्यातील सावदा हे केळीचे गाव आहे. तिथे कच्च्या केळ्याच्या चकत्या किसणीवरून सरळ कढईत पडतात आणि बघता बघता कुरकुरीत होऊन निघतात. चकती पातळ असते, त्यामुळे बाहेर रंग चढेपर्यंत आतले पाणी निघून गेलेले असते. किंबहुना तिला ‘आत’ असे काही नसतेच. बटाट्याच्या जाड फोडीला मात्र आत-बाहेर दोन्ही असते. केळ्याच्या चकत्यांवर हात बसलेला माणूस त्याच भरवशावर बटाटा तळायला घेतो आणि पाहुण्यांसमोर करपलेल्या कच्च्या फोडी ठेवतो. पाहुणे भिडेखातर ‘छान झालंय’ म्हणतात आणि केळ्याचे वेफर्स संपवतात.

आधी उकडणे आणि मग तळणे ही रीत सावद्याला नवी मुळीच नाही. वरण-बट्टीची बट्टी याच वाटेने जाते. गव्हाच्या जाडसर पिठाचे, ओवा घातलेले घट्ट लांबट उंडे पाण्यात किंवा वाफेवर शिजवायचे, गार झाले की कापायचे आणि मग तळायचे. गोंधळ होतो तो इथेच. बट्टी आधी उकडतात आणि मग कापतात, म्हणून बटाटाही आधी सालीसकट कुकरमध्ये जातो, तीन शिट्ट्या खातो आणि नंतर कापला जातो. अशा फोडीची कड सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत असते, कारण ती सुरीनेच कापलेली असते. गुळगुळीत कडेला तेलात धरण्यासारखे काही सापडत नाही. शिवाय तीन शिट्ट्यांत बटाटा इतका शिजतो की निम्म्या फोडी कढईत विरघळतात. त्या दिवशी घरात ‘आज भाजीच करायची होती’ असे जाहीर होते.

म्हणून बटाट्याचा क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी कापणे, मग उकडणे. सोललेल्या, कापलेल्या फोडीच्या उघड्या कडांना पाणी सर्वांत आधी लागते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला बटाट्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो. पाणी उकळीला येते तसा पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन सैल पडतो. कोपरे गोलसर होतात, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि त्यावर पिठूळ लगद्याचा एक पातळ थर चढतो. तेलात गेल्यावर खरपूस होतो तो हाच थर. तो जितका खडबडीत, तितका तेलाला लागणारा पृष्ठभाग जास्त आणि कुरकुरीतपणाही जास्त.

एक किलो बटाट्यांचे उदाहरण घेऊ. बाजारात इंदुरी बटाटा मिळाला तर उत्तम, कारण तो पिठूळ असतो. सालीला अंगठा लावला की सोलले जाणारे नवे बटाटे यासाठी घेऊ नयेत. त्यांत पाणी फार असते आणि ते लवकर कुरकुरीत होत नाहीत. शीतगृहातून नुकताच निघालेला बटाटाही थोडा दगा देतो. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती साखर तेलात भराभर तांबूस होते. असे बटाटे घरच्या हवेत आठ-दहा दिवस ठेवले तर बरीच साखर पुन्हा ओसरते. इतका धीर नसेल, तर उकडण्याच्या पाण्यातही काही साखर निघून जाते. अर्धवट उकडण्याचा हा जाता जाता मिळणारा फायदा आहे आणि त्याची बढाई सहसा कोणी मारत नाही.

बटाटे सोलून दीड इंचाच्या फोडी कराव्यात आणि गंजात घालून त्यावर दोन लिटर थंड पाणी ओतावे. पाणी आधी उकळून मग फोडी टाकण्याचा मोह होतो, पण तसे केले की फोडीचे बाहेरचे अंग मऊ होऊन जाते आणि आतला भाग कच्चाच राहतो. थंड पाण्यापासून सुरुवात केली की आत-बाहेर जवळजवळ बरोबरीने तापते. पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालावे. हे चवीसाठी आहे. मिठाने पाणी लवकर उकळते ही समजूत घरोघरी सापडली तरी ती पाण्याला ठाऊक नाही.

यातच पाव ते अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला तर फोडींवरचा लगदा झटपट तयार होतो, कारण क्षारयुक्त पाण्यात पेक्टिन जास्त वेगाने विरघळतो. आंबट पाणी नेमके उलटे वागते. बटाटे पांढरे राहावेत म्हणून पाण्यात लिंबू पिळण्याची सवय ज्या घरात आहे, तिथे फोडी पांढऱ्याशुभ्र, टणक आणि गुळगुळीत निघतात. दिसायला देखण्या, तळायला कुचकामी. उन्हाळ्यात त्याच स्वयंपाकघरात वाळवणाचे वेफर्स करताना चकत्यांच्या पाण्यात तुरटी फिरवतात, ती मात्र योग्यच असते. तुरटीने चकती घट्ट राहते, उन्हात कापडावर पसरताना तुटत नाही, आणि वेफर्सला नेमके तेच हवे असते. एका फळीवर तुरटी, दुसरीवर सोडा. डब्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही पदार्थांचा बोजवारा उडतो.

एकादशीला सोडा चालतो की नाही, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांकडे गेला तर बटाटे संध्याकाळपर्यंत गंजातच राहतात. सोड्याशिवाय दोन-तीन मिनिटे जास्त उकळले तरी काम भागते.

वेळ मोजायची ती पाण्याला उकळी आल्यापासून. सोडा असेल तर सात-आठ मिनिटे, नसेल तर दहा. घड्याळापेक्षा फोडच जास्त खरे बोलते. सुरीचे टोक खुपसले तर कडेला सहज शिरावे आणि मध्यभागी थोडे अडावे. कोपऱ्यांची धार गेलेली दिसावी, पण फोड चमच्यावर उचलली तर अखंड राहावी. उचलतानाच तुटली तर वेळ टळली आहे. तिचे भाजीत पुनर्वसन करावे. सोडा जास्त पडला तर पाणी गढूळ आणि फोडी साबणासारख्या बुळबुळीत होतात, चवीलाही तशाच लागतात. पाणी गाळताना हात हलका ठेवावा.

आता येते ती पायरी, जी बहुतेक घरांत गाळली जाते, कारण तिच्यात काही करायचे नसते, नुसते थांबायचे असते. गाळलेल्या फोडींवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो घेऊन फोड तेलात गेली तर आधी ते पाणी उकळते आणि उडून जाते. तोपर्यंत कडेचे तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहते. तांबूस रंग आणि खमंगपणा मात्र त्याच्या बराच वर, साधारण १४० अंशांपुढे येतो. ओली फोड म्हणजे तेलाच्या खर्चाने पाणी उकळण्याचा उद्योग. शिवाय तेल तडतडून हातावर उडते, ते निराळे.

म्हणून फोडी गाळून गरम गंजात परत टाकाव्यात, झाकण न ठेवता मंद आचेवर मिनिटभर ठेवाव्यात आणि गंज दोन्ही बाजूंनी धरून दोन-तीनदा हलवावा. आतल्या उष्णतेने वाफ निघून जाते आणि एकमेकींवर आपटून फोडींच्या कडा आणखी खडबडीत होतात. मग त्या एकमेकींना न चिकटतील अशा बेताने सुती कापडावर किंवा जाळीवर पसराव्यात. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. हात लावला तर कडेवर पिठूळ भुकटी जाणवावी. ओलसर चिकटपणा बोटाला लागला तर आणखी थांबावे.

सावद्यात घराघरात केळीची पाने हाताशी असतात, त्यामुळे फोडी पानावर पसरण्याची कल्पना कोणालातरी हमखास सुचते. दृश्य सुंदर दिसते. पण पानाचा वरचा भाग मेणचट असतो, पाणी शोषत नाही. खालच्या बाजूने फोड तितकीच ओली राहते आणि तळाशी छोटेसे तळे साचते. पान जेवणासाठी ठेवावे आणि फोडींसाठी जुने धोतर काढावे. हवामानाचाही भाग असतो. मे महिन्यात खान्देशातली कोरडी झळ पंधरा मिनिटांचे काम पाचांत उरकते आणि तळणारा स्वतःही तितक्याच वेळात वाळतो. श्रावणात हवेतच ओल असते. तेव्हा पंखा लावावा आणि फोडी पाऊण तास विसरून जाव्यात.

तळण्यासाठी कढईत अर्धा लिटर शेंगदाणा तेल घेतले, तर एक किलो फोडी तीन घाण्यांत होतात. तेल १८० अंशांच्या आसपास हवे. थर्मामीटर नसेल तर लगद्याचा कण टाकून पाहावा: तो बुडबुड्यांसह लगेच वर यावा, पण येताच काळा पडू नये. फोडी सोडल्यावर तेल थंड पडते, म्हणून पहिल्या मिनिटात आच मोठी ठेवावी आणि झाऱ्याने लगेच ढवळू नये. कड धरायच्या आत ढवळले तर लगदा सुटून तेलात फिरतो. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात, म्हणजे पाणी निघते आहे. सहा ते आठ मिनिटांनी ते संथ होतात, आवाज खाली येतो, रंग सोनेरी होतो. झाऱ्यात घेऊन हलवल्यावर फोडी खडखडल्या की काढाव्यात.

ओव्हन असलेल्या घरात हेच काम चार मोठे चमचे तेलात होते. ट्रे तेलासकट २२० अंशांवर आधीच तापवावा, फोडी त्यावर एका थरात ठेवाव्यात, वीस मिनिटे हात लावू नये, मग उलटून आणखी वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. लोखंडी तव्यावरही होते, फक्त प्रत्येक कड स्वतंत्र फिरवावी लागते आणि तेवढी सवड असणारे घर हल्ली दुर्मीळ आहे. फोडी एकावर एक रचल्या तर तिन्ही ठिकाणी निकाल एकच: वाफ अडते आणि कडा मऊ पडतात.

मीठ, तिखट, जिरेपूड वगैरे फोडी काढल्याबरोबर, वर तेलाचा ओलावा असतानाच टाकावे; पुढे ते चिकटत नाही. डब्यात भरून झाकण लावू नये, स्टीलच्या झाकणाखाली पाच मिनिटांत वाफेचे थेंब पुन्हा फोडींवर येतात. पाहुणे उशिरा येणार असतील, तर उकडून वाळवलेल्या फोडी न झाकता फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. त्या थंड असल्याने तळताना मिनिट-दोन मिनिटे जास्त द्यावीत आणि घाणा लहान ठेवावा. तळून ठेवलेल्या फोडी परत गरम करताना तेलात मिनिटभर पुरते. मायक्रोवेव्हमध्ये त्या रबरासारख्या होतात.