ठशांचा खेळ : नवशिक्या पालकांसाठी

साहित्य : प्राणिवेडे मूल एक. बारीक माती दोन घमेली. पिठाची जुनी चाळणी (नवी घेतलीत तर पुढचे परिणाम घरातल्या घरात निस्तरावेत). झाडू, विजेरी, पट्टी, वही. आणि गप्प बसू शकणारा एक मोठा माणूस. हा शेवटचा जिन्नस बाजारात मिळत नाही, त्यामुळे तो आधीच तयार करून ठेवावा.

या खेळात प्राणी दिसत नाही. नवशिक्यांची पहिली निराशा हीच. ताडोब्याला जाऊन जिप्सीत उभे राहून वाघ बघायची सवय लागलेल्यांना इथे चमकायची संधी नाही. रात्री माती पसरायची, झोपायचे आणि सकाळी कोण येऊन गेले ते वाचायचे, एवढाच खेळ. ज्या मुलाला मांजर पकडायचे नसते, ते कुठे जाते हे जाणून घ्यायचे असते, त्याच्यासाठी तो उत्तम.

जागा निवडताना बंगल्याची बाग लागते असे नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ, पाण्याची टाकी आणि कुंपण यांच्यामधली अरुंद बोळ पुरते. प्राण्यांना भिंतीच्या कडेने जायला आवडते, त्यामुळे मोकळ्या मैदानाच्या मधोमध पसरलेल्या मातीवर फक्त भटकी कुत्री आणि रात्रपाळीचे वॉचमन उमटतात. वॉचमनना आधी सांगून ठेवा. नाहीतर चोराच्या संशयावरून त्या पट्ट्याभोवती सोसायटीची सभा भरेल आणि तुम्हाला वाचायला निव्वळ चपला उरतील.

माती चाळून हातभर रुंद, दोन हात लांब असा पट्टा करावा. थर अर्ध्या पेराइतका, त्याहून जाड नको. जाड, भुसभुशीत माती दिसली की मांजराला ती वाचनसाहित्य वाटत नाही, शौचालय वाटते. खणता येण्याइतकी खोली दिलीच नाही तर ते बहुधा पुढे जाते. याच कारणासाठी खेळ संपल्यावर मुलाचे हात साबणाने धुवावेत, मग त्याला कितीही घाई असो. वरून हाताने पाणी शिंपडा आणि अंगठा दाबून बघा. अंगठ्याचा आकार कडांसकट स्वच्छ उठला तर माती जमली. कडा ढासळल्या तर कोरडी आहे, अंगठ्याला चिकटली तर ओली. रांगोळी वापरायचा मोह होईल, पण तिचे दाणे जाड असतात, बारीक बोटे तिच्यात हरवतात. कणीक तर मुळीच नको. ठसे उमटायच्या आत मुंग्या आणि उंदीर पानच संपवून टाकतात. आमिष म्हणून पोळीचा तुकडाही ठेवू नका. आमिष ठेवले की गल्लीतली कुत्री पंगत मांडतात आणि सकाळी लिखाणाऐवजी चिखल मिळतो.

वाचन सूर्य वर यायच्या आत करावे. उन्हे तिरपी असली की ठशाच्या कडेला सावली पडते आणि तो ठसठशीत दिसतो. दुपारी बारा वाजता त्याच मातीत काही दिसणार नाही. ढगाळ असेल तर विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. वरून उजेड टाकणारे पालक सर्वत्र आढळतात.

आता एक सकाळ धरून चालू. पट्ट्यावर चार बोटांचे गोलसर ठसे जवळजवळ एका सरळ रेषेत गेले आहेत. तुम्ही ‘मांजर!’ म्हणून ओरडणार, तेव्हा साहित्यातला शेवटचा जिन्नस आठवावा. मुलाला विचारू द्या. नखे दिसतात का? नाहीत. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, कुत्र्याला ती सोय नाही. पण निसरड्या चिखलात मांजरही नखे बाहेर काढते आणि कडक जमिनीवर कुत्र्याची नखे उमटतच नाहीत, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. मागची गादी बघावी. तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असले तर मांजर. बोटांकडेही बघावे. मांजराचे एक बोट आपल्या मधल्या बोटासारखे इतरांच्या थोडे पुढे असते, त्यामुळे पाय डावा की उजवा तेही सांगता येते. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. आणि हा प्राणी दोनच पायांवर गेल्यासारखा का दिसतो? मांजर मागचा पाय पुढच्या पायाच्याच ठशावर टाकते. हे उत्तर मुलाला स्वतः सापडायला वेळ लागेल. त्या वेळात तुम्ही चहा करून आणावा.

त्याच मातीवर, मांजराच्या एका ठशाची कड मोडून, पाच बोटांचे लहान ठसे गेले आहेत आणि त्यांच्या पुढे लांब नखांच्या टोकांचे ठिपके आहेत. पाच बोटे म्हटल्यावर मांजरही गेले आणि कुत्राही. उरले मुंगूस किंवा उदमांजर. मुंगूस दिवसा फिरते, उदमांजर रात्री. हे ठसे मांजराच्या वर पडले आहेत, म्हणजे हा पाहुणा नंतर आला. पण पहाटे तीनला की उजाडल्यावर? इथे मूल अडेल. अडू द्या. दुसऱ्या दिवशी त्याने अंधारात एकदा आणि सातनंतर एकदा पट्टा बघायचा. सातनंतरच नवे ठसे आले तर मुंगूस. ‘गूगलवर बघू या’ असे म्हणणाऱ्या पालकाला या टप्प्यावर खेळातून बाद करण्यात येते.

पक्ष्यांसाठी एक युक्ती पुरे. ठसे जोडीजोडीने शेजारी पडले असतील तर ती उड्या मारत गेलेली चिमणी. डावा-उजवा असे आलटून पालटून असतील तर चालत गेलेली साळुंकी. कावळा दोन्ही करतो, त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा ठेवू नये.

मुलाला ठसा जपून ठेवायचा असेल तर दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वाटी पाणी, आणि ठशाभोवती पुठ्ठ्याची गोल पट्टी. मिश्रण ठशावर थेट ओतू नये, बाजूने सरकू द्यावे. अर्ध्या तासाने उचलावे. उरलेले प्लास्टर मोरीत ओतले तर ते मोरीतच घट्ट होईल आणि प्लंबर हा या खेळातला सर्वांत महाग प्राणी आहे.

कुणी शेजारी हसलाच तर त्याला सांगा की आपल्या देशाने वाघ असेच मोजले आहेत. सरोज राज चौधरी यांनी 1966 साली ओडिशात ही पद्धत रुजवली. वनरक्षक ठशावर काच धरून त्याची आकृती उतरवून घेत. 1972 च्या देशव्यापी गणतीत याच मार्गाने 1827 वाघ निघाले. मात्र तोच वाघ ओल्या मातीत एक ठसा सोडतो, रेतीत दुसरा, आणि बघणारा त्याचे दोन वाघ करू शकतो. राजस्थानातल्या सरिस्क्यात गणतीच्या कागदावर वाघ होते, पण 2005 साली तिथे शिकारीमुळे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशाच्या गणतीत कॅमेरे आले.

तेव्हा वहीत ‘सात मांजरे’ असे लिहिण्याआधी मुलाला ठशांची रुंदी पट्टीने मोजायला लावा. बहुधा ते एकच मांजर सात वेळा गेलेले असते. आणि वाचून झाल्यावर माती झाडूने सपाट करायला विसरू नका, नाहीतर उद्या सकाळी तुम्ही आजचेच मांजर पुन्हा मोजाल.