नानांचं परिशिष्ट अ

जाहिरातीच्या प्रत्येक एजन्सीला एक नाना भेटतात. आमचे नाना एका बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले आणि काकूंच्या मेतकूट-भाजणीच्या धंद्याचे हिशेब बघू लागले. धंदा काकूंचा, चव काकूंची, गिऱ्हाइकंही निम्मी काकूंच्या ओळखीची. नानांनी भांडवल म्हणून फक्त शंका आणल्या, पण त्या घाऊक.

पेट्रोल पंपावर शून्य दिसल्याशिवाय 'टाका' न म्हणणारे हेच. सोसायटीच्या वार्षिक सभेत सगळे बटाटेवड्याकडे डोळे लावून बसलेले असताना 'किरकोळ खर्च' या ओळीवर बोट ठेवणारेही हेच. आमंत्रणपत्रिकेवर 'सायंकाळी 7 पासून' असं छापलेलं असलं, की नाना यजमानांना फोन करतात, "सातपासून स्वागत, की सातपासून जेवण?" विचारताना आवाज इतका मऊ असतो की समोरच्याला आपण काहीतरी लपवतोय असं उगाच वाटायला लागतं. खरं तर नानांचा कुणावर संशय नसतो. त्यांना फक्त व्याख्या हवी असते. "बरोबर आहे तुमचं, पण व्याख्या काय?" हे त्यांचं पालुपद आमच्या ऑफिसात इतकं रुळलंय, की डबा उघडताना 'थोडंसं घेते' म्हणणाऱ्या मुलीलाही कुणीतरी थोड्याशाची व्याख्या विचारतं.

कामाचं काही असेल तर नाना व्हॉट्सअ‍ॅप करत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फक्त सुप्रभात पाठवतात. कामाचं पत्र येतं. ए-फोर कागद, उजवीकडे तारीख, डावीकडे जावक क्रमांक, मग विषय, मग संदर्भ. आधी किंचित तिरकं स्कॅन झालेली पीडीएफ येते आणि दुपारी मूळ प्रत घेऊन काकूंचा डिलिव्हरीचा मुलगा. 'पोच द्यावी' म्हणून पोचेची प्रतही त्याच्याकडे असते. आमच्याकडे रबरी शिक्का नव्हता. नानांसाठी करून घेतला.

दिवाळीनंतर आलेल्या पत्राचा विषय असा होता : 'करार नूतनीकरणापूर्वी मूळ आकडेवारी पाहण्याची मुभा व रिपोर्टातील संज्ञांच्या लेखी व्याख्या कराराला जोडणेबाबत.' पत्र वाचून आमचे मालक खुर्चीत मागे रेलले. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं अ‍ॅड अकाउंटचा अ‍ॅक्सेस मागणं ही घटस्फोटाची पहिली नोटीस समजतात. "गेले नाना," मालक म्हणाले. मी म्हटलं, नाना जात नसतात. जाणारा माणूस मुकाट्यानं पेमेंट थांबवतो. परिशिष्ट मागणाऱ्याला राहायचं असतं.

पत्राचं मूळ आमच्या दिवाळीच्या रिपोर्टात होतं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत आम्ही लिहिलं होतं : जाहिरातींमुळे आलेल्या ऑर्डर 184. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, पिशवीतून लांबडी वही काढली आणि म्हणाले, "वेबसाइटवर महिन्यात एकंदर ऑर्डरच 143 आल्या. मग वरच्या एक्केचाळीस ऑर्डरचं मेतकूट गेलं कुठं?"

खोलीत शांतता पसरली. आमच्यातला एक हुशार मुलगा 'अ‍ॅट्रिब्यूशन' म्हणाला. नानांनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

त्या दिवशी नाना तीन तास बसले. ते एकेक आकडा सोलत गेले आणि आम्ही, खरं सांगायचं तर, त्यात रंगलो. 184 मधल्या 118 मेटाच्या होत्या आणि 66 गूगलच्या. दोघं आपापल्या वहीत लिहितात, एकमेकांना विचारत नाहीत. एखाद्या बाईनं सकाळी इन्स्टाग्रामवर भाजणीची जाहिरात दाबली, संध्याकाळी गूगलवरून येऊन मागणी नोंदवली, तर ती एक ऑर्डर दोघंही स्वतःच्या नावावर धरतात. आम्ही त्या दोन वह्यांची बेरीज करून हिरवी केली होती.

मग मेटाच्या 118. मेटाचा मोजण्याचा नेहमीचा नियम असा, की जाहिरात दाबल्यापासून सात दिवसांत खरेदी झाली तर ती जाहिरातीची. शिवाय जाहिरात न दाबता नुसती नजरेसमोरून गेली आणि एका दिवसात खरेदी झाली, तर तीही जाहिरातीचीच. हे दोन रकाने वेगळे करून दाखवता येतात, फक्त मुद्दाम मागावे लागतात. मागितले तेव्हा 84 दाबून आलेल्या निघाल्या आणि 34 नुसत्या बघितलेल्या. नानांनी विचारलं, "म्हणजे पाटीखालून गेलेला माणूस नंतर दुकानात आला, तर पाटी रंगवणाऱ्याला कमिशन?" 34 वजा झाल्या, बेरीज दीडशेवर आली. तरी 143 च्या वरच.

नंतरचा घोळ गूगलच्या बाजूला सापडला. ऑर्डर झाल्यावर 'धन्यवाद' म्हणणारं पान उघडतं, तिथं मोजणारा कोड बसवलेला असतो. त्या कोडबरोबर ऑर्डर क्रमांक पाठवला नाही, तर पान पुन्हा उघडलं की पुन्हा मोजणी होते. पार्सल कधी येणार हे पाहायला गिऱ्हाइकं तेच पान परत उघडत होती. अशा 11 निघाल्या. ऑर्डर क्रमांक जोडला असता तर गूगलनंच पुनरावृत्ती गाळली असती. नाना हरखले. "क्रमांकाविना व्हाउचर पास करायचं नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलो." उरलेल्या 55 पैकी 40 ऑर्डर तर अशा होत्या, की गिऱ्हाइकांनी गूगलवर काकूंच्या ब्रँडचंच नाव टाइप केलं, वर आलेली आमची जाहिरात दाबली आणि खरेदी केली. नानांनी त्या दिवसांतल्या ऑर्डरींची यादी काढली आणि काकूंना फोन लावला. काकूंनी पलीकडून नावं ओळखायला सुरुवात केली : ही भिशीतली, ही माझ्या मावसबहिणीची सून, ही तर गेली सहा वर्षं घेते. "या बायकांना जाहिरातीनं आणलं?" नानांनी विचारलं. मालकांनी चहा सांगितला.

शेवटी 19 पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीची होती, दारावरून परत आलेली. नानांच्या लेखी ती ऑर्डरच नव्हे, पैसे हातात आले तर ऑर्डर. साइटवरच्या 143 मधून राहिल्या 124. महिन्याचा जाहिरात खर्च होता 60,000 रुपये. आमच्या हिशेबानं एक ऑर्डर पडत होती 326 रुपयांना. नानांनी उदारपणे साइटवरच्या सगळ्या 124 ऑर्डरींचं श्रेय जाहिरातींना दिलं, भिशीतल्या बायकांसकट, तरी एक पडली 484 ला. कुणी खोटं बोललं नव्हतं. आमच्या रिपोर्टातला प्रत्येक आकडा स्क्रीनवर तसाच दिसत होता. नानांनाही ते मान्य होतं, आणि म्हणूनच त्यांना परिशिष्ट हवं होतं.

त्यांच्या फायलीत एक कात्रण आहे, लाल पेन्सिलीनं अधोरेखित. 2016 मध्ये फेसबुकनं कबूल केलं, की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा दोन वर्षं फुगून येत होता. बघितलेला वेळ भागताना भाजकात फक्त तीन सेकंदांपेक्षा जास्त पाहणारे धरले होते. लगेच पुढं सरकणारे भाजकातून गायब, म्हणून सरासरी वर. हे कात्रण नाना दर बैठकीला एकदा काढतात आणि भाजकावर बोट ठेवून थांबतात, प्रवचनकार ओवीवर थांबतात तसे.

परिशिष्ट अ नानांनी स्वतः आखलं, फूटपट्टीनं. रकाने असे : संज्ञा, काय धरायचं, काय धरायचं नाही, किती दिवसांच्या आतलं, आकडा कुठून घेतला, जीएसटी धरून की वगळून. 'ऑर्डर' म्हणजे क्रमांक असलेली, पैसे मिळालेली. 'जाहिरातीची ऑर्डर' म्हणजे दाबून आलेली, बघून आलेली वेगळ्या ओळीत. ब्रँडच्या नावावरची जाहिरात वेगळ्या ओळीत. व्याख्या बदलायची तर लेखी, आणि बदललेल्या महिन्यात जुनी-नवी दोन्ही शेजारी.

मूळ आकडेवारीच्या कलमावर मात्र नानांनाच थोडं नमतं घ्यावं लागलं. त्यांना मेटाकडून ऑर्डरवार यादी हवी होती, कोणती ऑर्डर तुम्ही तुमची म्हणताय ते दाखवा. मेटा तशी यादी देत नाही, बेरजाच देते. रोजच्या, जाहिरातवार, पण बेरजाच. वेबसाइटवरच्या हालचालींची ओळन्‌ओळ गूगल अ‍ॅनालिटिक्समधून बिगक्वेरीत उतरवता येते, पण जोडणी केल्या दिवसापासून पुढची. आमची जोडणी नव्हती, म्हणजे मागची दिवाळी त्या रूपात मिळणार नाही. मुळात अ‍ॅनालिटिक्समध्ये वापरणाऱ्याच्या पातळीवरचा तपशील आपण काही न बदलल्यास दोनच महिने राहतो. फुकटच्या खात्यात तो फार तर चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. "दोन महिन्यांत रद्दी?" नाना कळवळले. मग त्यांनी नवी ओळ घातली : 'जे मिळू शकत नाही, ते मिळू शकत नाही असे लिहून द्यावे.' ते आम्ही आनंदानं लिहून दिलं.

खात्यांच्या मालकीवर मालक दोन दिवस रुसून होते. मेटाचं अ‍ॅड अकाउंट आमच्या नावावर होतं आणि ते उचलून सहज दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नवं उघडायचं तर जुना इतिहास मागं राहतो. शिवाय मालकांची खरी भीती वेगळी होती. गिऱ्हाइकाला आत घेतलं की रात्री अकरा वाजता ते बजेट खालीवर करतं, असा त्यांचा अनुभव. नाना म्हणाले, "खातं माझ्या नावावर, चालवायचं तुम्ही. मला फक्त बघायचा अ‍ॅक्सेस द्या, बदलायचा नको. मी बदल केला तर उद्या चूक कुणाची ते ठरणार कसं?" अशी तपासणी मी अजून कुठल्या गिऱ्हाइकात पाहिलेली नाही.

करार झाला. ब्रँडच्या नावावरची जाहिरात नानांच्या सूचनेवरून पंधरा दिवस बंद ठेवली. भिशीच्या बायका तरीही येत राहिल्या, जाहिरातीखालचा साधा दुवा दाबून. काकू म्हणाल्या, हे मी तेव्हाच सांगितलं असतं, पण मला कुणी पत्र लिहिलं नाही.

नव्या व्याख्यांचा पहिला रिपोर्ट आम्ही धडधडत्या छातीनं पाठवला. आकडा इतका बारका, की हिरवा रंग द्यायचं धाडस झालं नाही. नानांनी वहीशी ताडून पाहिलं, पेन्सिलीनं खूण केली आणि फोन केला. "जुळतंय. ब्रँडवरचे वाचलेले पैसे भाजणीवर टाका, वर आणखी दहा हजार टाका." मी म्हटलं, लगेच टाकतो. "लगेच नको," नाना म्हणाले, "पत्र येऊ द्या."