पाठीवरचे पाच शब्द

‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ हे मोजून पाच शब्दांचे घोषवाक्य. मागच्या वाहनातल्या माणसाला ते एका नजरेत वाचता येते, कारण त्यात एकही जोडाक्षर नाही. लांबून जोडाक्षराचे पोट रंगाने भरल्यासारखे दिसते आणि ‘सुरक्षित’चा ‘क्ष’ नुसता ठिपका उरतो. ओळी खेटून रंगवल्या, तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. रिक्षाच्या अरुंद पाठीवर मजकूर जितका वाढतो, तितके अक्षर बारीक होते. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाटात बसमागे अडकलेल्या जीपवाल्याला मात्र अख्खा निबंधही वाचून होईल. थांब्यावर खरोखर वाट पाहणाऱ्याला बसची पाठ दिसते ती बस चुकल्यावरच.