जागच्या जागी

असा एक प्राणी तुमच्याही खोलीत नांदून गेला असेल. स्वतःच्या टॉवेलाची घडी किनारीला किनार जुळवून घालणारा, आणि तुमच्या टॉवेलाकडे मेल्या उंदराकडे पाहावं तसं पाहणारा. शेवगावात नोकरीला लागलो तेव्हा भाडं निम्म्यावर येतं म्हणून मी त्याला पत्करला. महिनाभर अहो-जाहो चाललं, मग अरे-तुरे. त्यानंतर बोलणं फक्त भिंतीमार्फत.

कारण खोलीतल्या प्रत्येक खिळ्याखाली त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. 'किल्ली'. 'बॅटरी'. 'टॉवेल, कोरडा'. 'टॉवेल, ओला'. चिडून मी एकदा 'किल्ली'वर माझा पायजमा टांगला. संध्याकाळी आलो तर भिंतीत नवा खिळा, त्यावर पायजमा आणि खाली अक्षरं : 'चुकून आलेलं'.

खरी लढाई पाण्याची. जायकवाडीचं एवढं मोठं धरण जवळ, पण आमच्या नळाला पाणी यायचं ते आठ-आठ दिवसांनी, तेही नळाच्या मर्जीने. एक ड्रम भरून ठेवायचा आणि दोघांनी पुरवायचा. त्यात मी साबणाच्या हाताने मग बुडवला. पाण्यावर तवंग आला. चूक माझीच होती, हे मी आज इथे पहिल्यांदा कबूल करतो.

त्या दिवसापर्यंत तो म्हणायचा, "मग बुडवू नकोस." त्या दिवशी म्हणाला, "तू असलाच आहेस." जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली. त्याच्या मते संसार मोडणार याची सर्वांत पक्की खूण राग नव्हे, तुच्छता. आम्ही लग्न न करताच तिथे पोचलो. त्याने नुसते डोळे फिरवले तरी माझं रक्त उकळायचं, आणि मी नुसती जांभई दिली तरी त्याचं.

जांभई मला येणारच. मी रात्री दीडपर्यंत वाचणारा, हा नऊला घोरणारा. पहाटे चारला उठून ड्रमात मग आपटायचा. ठण्ण! एकदा मी पांघरुणातूनच त्याचा उद्धार केला. पुढे तो आवाज जाणवेनासा झाला. माणसाला कशाचीही सवय होते, असं मी समजलो.

वर्षभराने त्याची बदली झाली. जाताना हात मिळवला आणि लगेच रुमालाला पुसला.

मग एकदा ड्रम घासायला पुढे ओढला. मागे, चारला उठणाऱ्यालाच दिसेल अशा उंचीवर एक खिळा होता. त्यावर प्लॅस्टिकचा मग. पितळी मग कधी गेला आणि हा कधी आला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खाली त्याच टोकदार पेन्सिलीने लिहिलं होतं : 'तो झोपलाय. हळू.'

मी मग घेतला, पाणी काढलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवला.